मुक्कामी एसटीच्या आधी निघालेली मुलाखत

खेड्यातल्या विद्यार्थ्याची शहरातली पहिली मुलाखत पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, पण तिची तयारी घड्याळापासून सुरू होते. इंदापूर तालुक्यातल्या, उजनीच्या पाण्याकाठच्या एखाद्या गावातली बी.कॉम.ची विद्यार्थिनी पुण्यातल्या सीए कार्यालयात मुलाखतीला निघते, तेव्हा त्या दिवसात काय काय घडते, हे पुढच्या नमुना-प्रवासातून दिसते. यातली विद्यार्थिनी कल्पित आहे. रस्ता, नियम आणि हिशेब खरे आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले. मुले त्याला ओजेटी म्हणतात. त्याला ४ श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर १२० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. तालुक्याच्या गावी कर सल्लागार आणि पतसंस्था थोड्या, त्यामुळे अर्ज पुण्याला जातो. मुलाखत मिळते सकाळी अकराची.

इथे पहिला हिशेब उलटा मांडावा लागतो. अकराची वेळ म्हणजे साडेदहाला कार्यालयाखाली पोचलेले बरे. कार्यालय पेठेत असेल, तर स्वारगेटहून मेट्रोने मंडई आणि तिथून पायी, असा पत्ता शोधण्यासकट एक तास धरावा. म्हणजे साडेनऊला स्वारगेट. इंदापूर ते स्वारगेट अंतर साधारण १४० किलोमीटर. भिगवण, पाटस, यवतपर्यंत गाडी चांगली पळते, पण लोणी काळभोरच्या पुढे हडपसरला सकाळची गर्दी लागते. म्हणून तीनऐवजी साडेतीन तास धरायचे. तेव्हा सहाच्या आत इंदापूरच्या स्टँडवरून गाडी मिळायला हवी.

गावातली मुक्कामी एसटी मात्र सकाळी सहाला निघते आणि पावणेसातला इंदापूरला पोचते. सातची पुण्याची गाडी सगळे सुरळीत झाले तरी साडेदहाला स्वारगेटला उतरवते. मग उशीर अटळ. ही चूक नेहमीची आहे, कारण गावात ‘पहिली गाडी’ म्हणजे सर्वांत लवकरची वेळ, असे गृहीत धरलेले असते. या विद्यार्थिनीने आदल्या रात्री वेळा कागदावर मांडल्या, म्हणून चूक वेळेवर कळली. पावणेपाचला वडिलांनी तिला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडले. साडेपाचची गाडी मिळाली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च निम्म्यावर आला. रोजचा कॉलेजचा पास इथे चालत नाही. तो ठरलेल्या मार्गापुरताच असतो.

पिशवीत काय होते, हेही महत्त्वाचे. कॉलेजचे शिफारसपत्र, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, आधार कार्ड, दोन फोटो आणि एका पानाचा बायोडाटा. बायोडाट्यात ‘अनुभव’ या शब्दापुढे तिने ‘नाही’ लिहिले होते. दिवसभरातली सर्वांत मोठी चूक हीच होती.

मुलाखत घेणाऱ्या सीए मॅडमनी आधी पाया तपासला. पुण्यातल्या व्यापाऱ्याने १०,००० रुपयांचा माल विकला आणि जीएसटी १८ टक्के असेल, तर नोंद कशी होईल? माल सोलापूरला गेला, तर ९०० रुपये केंद्राचा आणि ९०० रुपये राज्याचा कर, कारण विक्री राज्यातच झाली. तोच माल बंगळुरूला गेला, तर १,८०० रुपये एकात्मिक कर. कराची रक्कम दोन्हीकडे सारखीच, फक्त तिचे खाते बदलते. हे तिने बरोबर सांगितले. मग टॅलीसमोर बसवले. विक्रीची नोंद एफ-८ वर आणि खरेदीची एफ-९ वर, हे तिला पाठ होते, पण कॉलेजच्या लॅबमध्ये चौघींत एक संगणक असल्याने हात सावकाश चालले. असा हात लगेच ओळखू येतो आणि तो लपवण्यात अर्थ नसतो. तिने तसे स्पष्ट सांगितले.

त्यानंतर मॅडमनी विचारले, “अनुभव ‘नाही’ लिहिलंयस. घरी काय करतेस?”

“गावातल्या दूध डेअरीचं रजिस्टर मी लिहिते, मॅडम. दहा दिवसांची बिलं काढते.”

“मग एक बिल करून दाखव.”

तिने कागद घेतला. एका शेतकऱ्याचे रोजचे १० लिटर दूध, म्हणजे दहा दिवसांचे १०० लिटर. दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो; या हप्त्यात सरासरी ३२ रुपये. एकूण ३,२०० रुपये. त्यातून उधारीवर नेलेल्या पेंडीचे १,५०० आणि आधी घेतलेल्या उचलीचे ५०० वजा. हातात १,२०० रुपये.

“आता याची नोंद सांग.”

ती थोडी थांबली. पुस्तकातला धडा आणि डेअरीचे रजिस्टर तिने कधी शेजारी ठेवले नव्हते. मग जुळणी झाली. दूध खरेदी खाते ३,२०० रुपयांनी नावे आणि शेतकऱ्याचे खाते तेवढ्यानेच जमा. नंतर शेतकऱ्याचे खाते ३,२०० रुपयांनी नावे, आणि समोर तीन खाती जमा: पेंडीच्या उधारीची वसुली १,५००, उचलीची वसुली ५००, रोख १,२००. दोन्ही बाजू जुळल्या. ज्या मुलीने पन्नास-साठ दूध उत्पादकांची बिले दर दहा दिवसांनी काढली आहेत आणि एखादा रुपया चुकला तर त्या माणसाला समोरासमोर उत्तर दिले आहे, तिच्याकडे अनुभव होता. त्याचे नाव काय लिहायचे, एवढेच तिला ठाऊक नव्हते.

शेवटी तिने स्वतः तीन गोष्टी विचारून घेतल्या: रोजचे तास किती, कामाचे प्रमाणपत्र कॉलेजच्या नमुन्यात मिळेल का, आणि विद्यावेतन आहे का. तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो टाळून चालत नाही. रोज सहा तास धरले तर १२० तासांना कामाचे २० दिवस लागतात. रोज सात-आठ तासांचा येण्याजाण्याचा प्रवास करून ते जमणार नाही. नातेवाइकांकडे किंवा कॉट बेसिसवर राहावे लागते आणि जेवणाचा खर्च वेगळा. विद्यावेतन नसेल, तर हा सगळा भार घरावर येतो. तो पेलेल की नाही, हे होकार देण्याआधी कळले पाहिजे. कार्यालयाने प्रवासखर्चापुरती रक्कम देऊ केली आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला बोलावले. ११ तारखेला विक्रीचे आणि २० तारखेला कर भरण्याचे मासिक विवरण द्यायचे असते, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या शिकाऊ मुलीला ते काम पहिल्यापासून पाहता येते.

दुपारी दोनची गाडी तिने धरली. साडेपाचला इंदापूर, आणि तिथून गावात मुक्कामाला जाणारी संध्याकाळची एसटी. घरी पोचल्यावर तिने बायोडाटा नव्याने लिहिला. ‘अनुभव’ या शब्दापुढे आता एक ओळ आहे: गावातील दूध संकलन केंद्रात नोंदवही आणि दहा दिवसांची बिले, दोन वर्षे. पिठाच्या गिरणीची वही, बचत गटाचा हिशेब किंवा किराणा दुकानाची उधारी लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या अर्जात अशी ओळ लिहावी, आणि ते काम मुलाखतीत कागदावर करून दाखवण्याची तयारी ठेवावी.