झडपेचं नाव ठाऊक नसलेली रेसिपी

हात धुण्याचा द्रव साबण बनवणारी एक टाकी डोळ्यांपुढे आणा. आज त्या टाकीत गुलाबी, दाट हँडवॉश तयार होतोय. उद्या तिच्यातच पातळसर, निळा, भांडी घासायचा द्रव तयार होईल. टाकी, पंप, पाइप, नियंत्रणाचा पीएलसी यांतलं काहीही बदललेलं नसेल आणि पीएलसीच्या प्रोग्रॅमची एक ओळही कुणी खोडलेली नसेल. बदलेल ती फक्त रेसिपी. शिवाय ती लिहिणाऱ्या रसायनतज्ज्ञाला कुठला पाइप कुठल्या पंपाला जोडलाय, हे माहीत असण्याचीही गरज नाही.

हे शक्य होतं ते एका विलक्षण वाटणीमुळे. काय करायचं ते रेसिपीने सांगायचं आणि कसं करायचं ते यंत्रणेने ठरवायचं. नाटकाच्या संहितेत ‘पडदा उघडतो’ एवढंच असतं. दोरी कोणती आणि ती कुणी ओढायची, हे ज्या त्या नाट्यगृहाचं काम, म्हणूनच तीच संहिता कुठल्याही रंगमंचावर उभी राहते. मिश्रणाच्या कारखान्यांसाठी ही वाटणी आयएसए-८८ या मानकाने 1995 साली नीट मांडली.

यंत्रणेची बाजू खालून वर पाहू. सर्वांत खाली एकेकटं उपकरण असतं. उदाहरणार्थ, `XV-204` ही झडप आणि ती खरोखर उघडली की नाही हे कळवणारा तिचा स्विच. हे झालं कंट्रोल मॉड्यूल. असे काही एकत्र आले की इक्विपमेंट मॉड्यूल बनतं. साठवण टाकीखालची झडप, पंप आणि मिश्रण टाकीच्या तोंडाची झडप मिळून ‘डोसिंग’ नावाची एक टोळी तयार होते. आधी झडपा उघडायच्या, मग पंप सुरू करायचा. थांबताना आधी पंप, मग झडपा, हा क्रम त्या टोळीला पाठ असतो. ही सगळी मंडळी जिच्यासाठी राबतात ती मिश्रण टाकी म्हणजे युनिट.

रेसिपीच्या बाजूला सर्वांत लहान पायरी म्हणजे फेज: पाणी घाल, ढवळ, थांब, रिकामी कर. आपल्या 1000 किलोच्या हँडवॉशची रेसिपी अशी धरू: 500 किलो पाणी, 350 किलो एसएलईएस (फेस देणारा मुख्य द्रव), 70 किलो सीएपीबी (मिश्रण त्वचेसाठी सौम्य ठेवणारा जोडीदार), 20 किलो रंग, वास वगैरे किरकोळ घटक आणि शेवटी 60 किलो मिठाचं पाणी. यात ‘द्रव घाल’ ही एकच फेज पुन्हा पुन्हा येते. दर वेळी बदलतात ते फक्त घटकाचं नाव आणि वजन.

शेवटी पडणाऱ्या या मिठातही गंमत आहे. या द्रवात साबणाचे रेणू सूक्ष्म पुंजके करून राहतात. मीठ पडलं की पुंजके लांबट होऊन एकमेकांत गुंततात आणि द्रव दाट होतो. पण एका मर्यादेपलीकडे मीठ गेलं, तर दाटपणा उलट घसरतो. वाढवत राहिलो तर दाट होईल, हा अंदाज इथे फसतो. म्हणून प्रत्येक घटकाचं वजन अचूक पडायलाच हवं, आणि अचूक वजन पाडणं हे वाटतं तितकं सोपं नाही.

टाकी लोड सेलवर, म्हणजे वजन सांगणाऱ्या पायांवर उभी असते. एसएलईएसचे 350 किलो पडल्याचं काट्यावर दिसताच झडप बंद केली, तरी पाइपच्या तोंडातून निघालेला द्रव अजून हवेतच असतो आणि तोही टाकीत पडणारच असतो. म्हणून रेसिपीतली फेज प्रत्यक्षात उतरवणारी यंत्रणेतली फेज हुशारीने वागते. आधी वेगाने भरायचं, शेवटी प्रवाह बारीक करायचा आणि समजा 2 किलो मागून पडत असतील, तर 348 लाच झडप मिटायची. मग काटा स्थिर होईपर्यंत थांबून खरं वजन नोंदवायचं. कित्येक ठिकाणी हा 2 किलोंचा आकडा मागच्या बॅचांच्या अनुभवावरून फेज स्वतःच सुधारत जाते.

आता खरी कसोटी. एसएलईएस पडतंय, त्याचे 210 किलो पडून झालेत आणि तेवढ्यात ढवळणाऱ्या अ‍ॅजिटेटरची मोटर जादा भाराने बंद पडते. ढवळणं थांबल्यावर भरत राहिलो, तर पाण्यापेक्षा जड एसएलईएस तळाशी जाऊन बसेल. म्हणून फेज होल्डकडे वळते. पंप थांबतो, झडपा मिटतात, हवेतला द्रव खाली येतो, पडलेल्या एसएलईएसचा आकडा 212 वर स्थिरावतो आणि स्क्रीनवर `HELD` उमटतं. मोटर दुरुस्त झाल्यावर ऑपरेटर रीस्टार्ट देतो. आधी अ‍ॅजिटेटर फिरू लागतो, मग झडप उघडते आणि फेज उरलेले 138 किलोच घालते.

हे 138 दिसायला साधे, पण फेज लिहिणाऱ्याचं कसब त्यातच दडलंय. रीस्टार्टनंतर फेजने सगळं पहिल्यापासून सुरू केलं, तर ती आणखी 350 किलो घालेल. एसएलईएस 562 किलो होईल आणि बाकीचे घटक धरून बॅच 1212 किलोंवर जाईल. 1200 किलोंची टाकी असेल, तर फेसाळ पूर जमिनीवर येईल. उलट होल्डच्या क्षणाचाच 210 हा आकडा लक्षात ठेवला, तर प्रत्येक होल्डमागे 2 किलो जास्त पडतील आणि वरवर कुणाला काही कळणारही नाही. पकडायचं तर टाकीच्या एकूण वजनावरून. फेज सुरू होताना 500 होतं, संपताना 850 हवं. ते 852 असेल, तर चूक तिथेच सापडते. ‘किती घातलं’ हा फेजचा हिशेब आणि ‘टाकीत किती आहे’ हा काट्याचा हिशेब वेगवेगळे ठेवतात ते यासाठीच.

या वाटणीला मर्यादाही आहेत. हीच रेसिपी 2000 किलोंच्या टाकीत चालवायची म्हटली, तर वजनं सरळ दुप्पट होतात आणि संगणक ते क्षणात करतो. पण ढवळण्याची वेळ अशी दुप्पट करून चालत नाही. मोठ्या टाकीत द्रव एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला किती वेळ लागेल, हे पंख्याच्या आकारावर आणि वेगावर ठरतं. वेग वाढवला तर भोवऱ्यातून हवा आत शिरते आणि फेसच फेस होतो. हे आकडे रेसिपी सांगू शकत नाही. प्रत्यक्ष टाकीवर चाचणी घेऊनच ते ठरवावे लागतात.

म्हणून असा नवा प्लांट कधी बघायला मिळाला, तर रंगीत पडद्यावरची हलती चित्रं पाहून समाधान मानू नका. नुसत्या पाण्याची एक बॅच लावायला सांगा, भरणं अर्ध्यावर आलं की होल्ड द्यायला लावा, मग रीस्टार्ट आणि शेवटी काटा वाचा. पाणी ठरल्याइतकंच भरलं, तर त्या प्लांटच्या फेजेस नीट लिहिल्या आहेत असं समजा.