सोया सॉसमध्ये ग्लूटेन असतं का? गव्हाशिवाय बनणारा सॉस कोणता?

नाव 'सोया' सॉस, त्यामुळे त्यात फक्त सोयाबीन असेल असं अनेकांना वाटतं. पण नेहमीच्या जपानी सोया सॉसमध्ये (कोइकुची) सोयाबीन आणि गहू साधारण निम्मे-निम्मे असतात. म्हणजेच, हो, त्यात ग्लूटेनचा स्रोत असतो.

गहू कशासाठी घालतात?

शिजवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू एकत्र करून त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. मग हे मिश्रण मिठाच्या पाण्यात काही महिने आंबवतात. गव्हातल्या स्टार्चची साखर होते आणि तिच्यातून सॉसला गोडसरपणा व सुगंध मिळतो.

आंबवल्यावर ग्लूटेन नाहीसं होत नाही का?

आंबवताना ग्लूटेनचे लहान तुकडे होतात. गोंधळ इथेच होतो. ग्लूटेन मोजायची नेहमीची चाचणी अखंड प्रथिनं शोधते. तुकडे तिच्या नजरेतून सुटू शकतात आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. पण सीलिअॅक आजारात काही तुकडेही त्रास देऊ शकतात. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 मध्ये नियम केला: आंबवलेल्या पदार्थावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं असेल, तर आंबवण्याआधीचा कच्चा मालच ग्लूटेन-फ्री असल्याच्या नोंदी उत्पादकाकडे हव्यात. त्यामुळे गव्हाच्या सॉसचा 'टेस्टमध्ये ग्लूटेन आलं नाही' हा दावा पुरेसा नाही.

गव्हाशिवायचा सॉस कोणता?

तामारी. जपानच्या आइची, गिफू आणि मिए भागात तो जास्त बनतो. त्यात जवळजवळ सगळं सोयाबीनच असतं, म्हणून तो दाट आणि चवीला गडद लागतो. पण काही तामारीत थोडा गहू घालतात, त्यामुळे फक्त नावावर जाऊ नका. काही कंपन्या गव्हाऐवजी तांदूळ वापरूनही सॉस आंबवतात. उलट 'शिरो' म्हणजे फिकट सॉस बहुतांशी गव्हाचाच असतो. रंग फिका म्हणून ग्लूटेन कमी, असं नसतं.

लेबल कसं वाचायचं?

समजा, दोन बाटल्या आहेत. पहिलीवर 'पाणी, सोयाबीन, गहू, मीठ' लिहिलंय. ती बाजूला ठेवा. दुसरीवर 'पाणी, सोयाबीन, मीठ' आहे आणि 'ग्लूटेन-फ्री' असंही लिहिलंय. ती चालेल. घटकांत गहू नाही, पण 'ग्लूटेन-फ्री'ही लिहिलेलं नाही, तर त्याच कारखान्यात गहू हाताळला जात असण्याची शक्यता उरते. भारतात 'ग्लूटेन-फ्री' लिहायला एका किलोत 20 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

बाहेर खाताना मंचुरियन किंवा हाका नूडल्समधला सॉस कोणता, हे ताटावरून कळत नाही. सीलिअॅक असेल तर बाटली दाखवायला सांगा. ती पाहायला मिळाली नाही, तर तो पदार्थ टाळा.