मिठाची हाक ऐकणारी गोळी

एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं औषध. रोज सकाळी तेवढं पोटात गेलं, की माणूस उभा राहू शकतो; काही दिवस चुकलं, की पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. ही फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी. कॉर्टिसोलच्या रेणूत योग्य जागी फ्लोरिनचा एक अणू बसवला, की मीठ धरून ठेवण्याची त्याची ताकद अनेक पटींनी वाढते, हे १९५०च्या दशकात स्क्विब कंपनीतल्या जोसेफ फ्रीड आणि एमिली सेबो यांच्या कामातून कळलं. एका अणूने एवढा फरक पडतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या, की दोन मुख्य संप्रेरकं जातात. कॉर्टिसोलची जागा हायड्रोकॉर्टिसोन घेतं. दुसरं अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडाने सोडियम राखायचं आणि पोटॅशियम बाहेर टाकायचं, हे त्याच्या हुकमाने चालतं. ते नसेल तर मीठ आणि त्यामागून पाणी लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब उतरतो आणि पोटॅशियम साचतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन हे काम करतं. मात्र बिघाड ग्रंथीत नसून मेंदूखालच्या पिट्युटरीत असेल, तर अल्डोस्टेरॉन सहसा शाबूत असतं आणि ही गोळी लागत नाही.

हा हुकूम मुळात देतं कोण? रक्तदाब किंवा मीठ कमी पडलं, की मूत्रपिंड रेनिन सोडतं. एका साखळीतून ती हाक अ‍ॅड्रिनलपर्यंत जाते आणि अल्डोस्टेरॉन बनतं. ग्रंथी मेली तरी मूत्रपिंड हाक मारणं थांबवत नाही. उत्तर येत नाही म्हणून आवाज चढवत जातं. गोळीचं उत्तर पुरेसं पोचलं, की तो आवाज उतरतो. म्हणून रक्तातलं रेनिन मोजलं, की गोळी पुरते आहे का, हे खुद्द मूत्रपिंडाकडूनच समजतं.

अकोल्यातली एक शिक्षिका कल्पून पाहू. सकाळी ०.१ मिलिग्रॅमची एक गोळी, शिवाय हायड्रोकॉर्टिसोन. एप्रिलचं ऊन तापलं, घाम वाढला. घरात सासऱ्यांना रक्तदाब, म्हणून सगळ्यांचंच जेवण अळणी झालेलं. तिला मात्र कैरीच्या फोडी मिठात बुडवून खाव्याशा वाटतात. हा नुसता चटोरपणा नाही, शरीर मीठ मागतं आहे. डॉक्टर तिला आडवं करून रक्तदाब घेतात: ११२. उभी राहिल्यावर तीन मिनिटांनी ८८. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, की अंगातलं मीठपाणी कमी असल्याची दाट शंका येते. पोटॅशियम ५.६, म्हणजे चढलेलं. रेनिन वरच्या मर्यादेच्या तिप्पट. चारही खुणा एकच सांगतात. तिच्या ताटात मीठ परत येतं आणि उन्हाळ्यापुरती दीड गोळी ठरते. काही आठवड्यांनी अंधारी थांबते, पोटॅशियम ४.५वर येतं, रेनिन मर्यादेच्या वरच्या टोकाशी टेकतं.

ते तिथेच असावं. रेनिन तळाला गेलं, तर मूत्रपिंडाला हाक मारायची गरजच उरलेली नाही, म्हणजे मीठ गरजेपेक्षा जास्त धरलं जातंय.

थंडीत नेमकं तेच होतं. घाम थांबला, दीड गोळी तशीच चालू राहिली आणि खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा सुरू झाला. पाऊल दाबलं तर खळगा राहतो, रक्तदाब १४८, पोटॅशियम ३.२, रेनिन जवळजवळ शून्य. अल्डोस्टेरॉन मिठाच्या ज्या कुलपाला लागतं, त्यालाच कॉर्टिसोलही लागतं. मूत्रपिंडातलं एक विकर एरवी त्याला निष्क्रिय करतं. ज्येष्ठमध त्या विकरालाच अडवतं. मग हायड्रोकॉर्टिसोनही मीठ धरू लागतं. काढा बंद होतो, गोळी पुन्हा एक केली जाते आणि पोटॅशियम लवकरच पुन्हा तपासलं जातं. गोळी पूर्ण थांबवत नाहीत, कारण मूळ आजार तसाच आहे. एवढं करूनही रक्तदाब चढलेलाच राहिला, तर त्याचं वेगळं औषध जोडतात. मात्र मीठ बाहेर काढणारी लघवीची औषधं टाळतात. बदल रुग्णाने स्वतःच्या अंदाजाने नव्हे, डॉक्टरांशी बोलून करायचे.

रेनिनचा आकडा एकट्याने मात्र वाचू नये. रक्तदाबाची काही औषधं तो वर नेतात, काही खाली. गर्भारपणात तर तो आपसूकच चढतो, शिवाय प्रोजेस्टेरॉन त्या कुलपात अडथळा आणतं, त्यामुळे गोळी वाढवावी लागू शकते. तेव्हा रेनिन बाजूला ठेवून उभ्याचा रक्तदाब, सोडियम आणि पोटॅशियम पाहूनच ठरवतात.