बारा नाण्यांतले एक खोटे

पनवेलच्या बाजारात आता बहुतेक दुकानांत इलेक्ट्रॉनिक काटा असतो. वस्तू ठेवली की ग्रॅमचा आकडा समोर येतो. बारा नाण्यांच्या कोड्यात मात्र दोन पारड्यांचा जुना तराजूच लागतो, आणि तो आकडा सांगत नाही. डावे पारडे खाली, उजवे खाली किंवा दोन्ही समान, एवढी तीनच उत्तरे त्याच्याकडे असतात.

कोडे असे: दिसायला सारखी बारा नाणी आहेत. त्यांतले एक खोटे आहे, पण ते जड आहे की हलके, हे ठाऊक नाही. तीनदा तोलून ते शोधायचे आणि जड की हलके तेही सांगायचे.

सर्वांत मोठा गैरसमज पहिल्याच पावलावर होतो. अर्धी-अर्धी वाटणी बरी, म्हणून लोक सहा विरुद्ध सहा ठेवतात. खोटे नाणे तराजूवरच असल्याने पारडे झुकणार हे आधीच नक्की असते. शिवाय झुकले तरी जड पारड्यात जड नाणे आहे की हलक्या पारड्यात हलके, हे कळत नाही. म्हणजे बाराच्या बारा नाणी संशयित राहतात.

हिशेब शक्यतांचा करायला हवा. प्रत्येक नाणे जड किंवा हलके असू शकते, म्हणून एकूण शक्यता २४. एकदा तोलून तीन उत्तरे मिळतात, तर दोनदा तोलून ९. त्यामुळे पहिल्यांदा तोलल्यावर कोणतेही उत्तर आले तरी नऊपेक्षा जास्त शक्यता उरता कामा नयेत. सहा-सहा ठेवल्यास १२ उरतात. पाच-पाच ठेवून पारडे झुकले तर १० उरतात, तीन-तीन ठेवून समान आले तर १२. चार-चार ठेवले तरच प्रत्येक वेळी ८ उरतात. दुसरी कोणतीही सुरुवात चालत नाही.

आता नाण्यांना क्रमांक देऊ. डावीकडे १, २, ३, ४ आणि उजवीकडे ५, ६, ७, ८ ठेवा. समान झाले तर काम सोपे आहे, कारण ही आठही खरी ठरली. मग ९, १०, ११ ही नाणी १, २, ३ विरुद्ध तोला. पारडे झुकले तर खोटे जड की हलके ते लगेच कळते. शेवटी ९ विरुद्ध १० तोलून तिघांतले एक सापडते. ती समान असतील तर ११. दुसऱ्यांदाही समान आले, तर १२ला खऱ्या नाण्याविरुद्ध तोला.

खरी कसोटी पहिल्यांदाच पारडे झुकले तर लागते. समजा, डावे खाली गेले. म्हणजे १ ते ४ पैकी एक जड आहे किंवा ५ ते ८ पैकी एक हलके. इथे अनेकांना वाटते की आता जड बाजूच्याच चौघांना धरावे. तसे केल्यास हलक्या बाजूच्या चार शक्यता निसटतात. त्याऐवजी नाण्यांची अदलाबदल करायची. डावीकडे १, २, ५ आणि उजवीकडे ३, ६ आणि खरे ठरलेले ९ ठेवा. ४, ७, ८ बाहेर काढा.

पुन्हा डावेच खाली गेले, तर दोष जागा न बदललेल्यांत आहे: १ किंवा २ जड, नाहीतर ६ हलके. झुकाव उलटला, तर तो बाजू बदललेल्यांबरोबर फिरला आहे: ३ जड किंवा ५ हलके. समान झाले, तर बाहेर काढलेल्यांत आहे: ४ जड, नाहीतर ७ किंवा ८ हलके. तिसऱ्यांदा पहिल्या प्रसंगी १ विरुद्ध २ तोला. जे खाली जाईल ते जड, समान आले तर ६ हलके. दुसऱ्या प्रसंगी ३ विरुद्ध ९ तोला. ३ खाली गेले तर तेच जड, नाहीतर ५ हलके. तिसऱ्या प्रसंगी ७ विरुद्ध ८ तोला. वर जाईल ते हलके, समान आले तर ४ जड.

पहिल्या वेळी उजवे खाली गेले, तर हेच सारे ‘जड’ आणि ‘हलके’, तसेच ‘खाली’ आणि ‘वर’ हे शब्द अदलाबदल करून वाचावे.

तीन वेळांची २७ उत्तरे आहेत, मग तेरा नाण्यांच्या २६ शक्यताही त्यांत बसतील, असेही पुष्कळांना वाटते. पण पहिल्यांदा चार-चार ठेवली तर बाहेर पाच राहतात आणि त्यांच्या १० शक्यता होतात. पाच-पाच ठेवली तर झुकल्यावर १० उरतात. दोन्हीकडे नऊची मर्यादा ओलांडली जाते. तेरांतले खोटे नाणे ओळखता येते, पण ते जड की हलके हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. सोबत एक खात्रीचे खरे नाणे मिळाले, तर मात्र तेही साधते. फ्रीमन डायसन यांनी १९४६ मध्ये या कोड्याचा सर्वसाधारण नियम मांडला. त्यानुसार चारदा तोलता आले, तर ३९ नाण्यांपर्यंत पूर्ण उत्तर मिळते.

घरी करून पाहायचे असेल, तर खिशातली रुपयाची नाणी सरसकट घेऊ नका. २०११च्या मालिकेतले १ रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे असते, तर २०१९च्या मालिकेतले ३.०९ ग्रॅमचे. बाटलीची एकसारखी बारा झाकणे घ्या, एकात आतून थोडी कणीक लावा आणि कोणते ते दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्या.