छातीवरच्या रिबनी आणि दोन पानांचा बायोडाटा

परेडला येणाऱ्या पाहुण्या अधिकाऱ्यांच्या छातीवरच्या रिबनी आपण सगळेच मोजतो. गणवेशावर त्या सगळ्या लावायच्या असतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. पण तोच अधिकारी सेना सोडून कंपनीतल्या नोकरीसाठी बायोडाटा लिहायला बसला की त्यातल्या किती लिहायच्या, हे त्याला स्वतःच ठरवावे लागते.

माझे मामा बावीस वर्षांच्या सेवेनंतर ईएमईमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडले. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात देखभाल विभागाच्या प्रमुखाची जागा होती, तिच्यासाठी त्यांना अर्ज करायचा होता. पहिल्या मसुद्यात पुरस्कार, पेटंट आणि लेख यांनी अख्खे एक पान घेतले होते. त्यांच्या एका जुन्या सीनियरांनी ते वाचून प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: "हे कशासाठी मिळाले?"

या प्रश्नाने अर्धी पदके लगेच गळली. नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके तेवढी वर्षे नीट नोकरी केली की मिळतात. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचे पदक १५ ऑगस्ट २०२२ रोजी सेवेत असलेल्या सर्वांना मिळाले. यात मान कमी आहे असे मुळीच नाही. पण बायोडाट्यात सेवेच्या तारखा आधीच असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला या ओळींतून नवे काही कळत नाही.

सेनाप्रमुखांचे प्रशंसापत्र मात्र राहिले, कारण ते ठरावीक कामासाठी मिळाले होते. आता नुसते "सेनाप्रमुखांचे प्रशंसापत्र" लिहिले तर कारखान्यातल्या माणसाला काय समजणार? मामांनी पुढे जोडले: "वर्कशॉपमधील दुरुस्तीचा सरासरी वेळ एक तृतीयांशाने कमी केल्याबद्दल." युनिटचे नाव, ठिकाण आणि गाड्यांची संख्या त्यांनी मुद्दाम टाळली. तशी माहिती बाहेर द्यायची नसते आणि नोकरी देणाऱ्याला तिची गरजही नसते.

शौर्यपदकाची गोष्ट वेगळी. त्याचा देखभालीशी संबंध नसला तरी ते लिहायचेच, असे माझे मत आहे. फक्त नेमके लिहावे, कारण सेना पदक शौर्यासाठीही मिळते आणि विशिष्ट सेवेसाठीही.

खरी गंमत पेटंटमध्ये झाली. मसुद्यात "पेटंट : ३" असे होते. भारतात पेटंटचा अर्ज दाखल केला की साधारण अठरा महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रकाशित होतो. तोपर्यंत त्याची तपासणी झालेलीच असते असे नाही. तपासणीसाठी मुदतीत वेगळी विनंती करावी लागते. परीक्षक हरकती काढतात, त्यांना उत्तरे द्यावी लागतात आणि ती पटली तरच पेटंट मंजूर होते. म्हणजे "प्रकाशित" याचा अर्थ "मिळाले" असा होत नाही. प्रकाशित झालेला अर्ज कोणालाही पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला नंबर टाकून पाच मिनिटांत खरे काय ते कळते.

मामांच्या तीनपैकी एकच पेटंट मंजूर होते: जड वाहनाचा गिअरबॉक्स कमी माणसांत उतरवण्याच्या साधनाचे. दुसरा अर्ज नुसता प्रकाशित झाला होता. तिसऱ्याची तपासणीची विनंती मुदतीत गेली नव्हती आणि तसे झाले की अर्ज मागे घेतला असे धरले जाते. तिसरी ओळ पूर्ण गेली. दुसऱ्या अर्जाचा विषय शेतीचा पंप होता, म्हणून तोही गेला. ट्रकचा असता तर "अर्ज प्रलंबित" असे लिहून ठेवता आला असता. उरलेले पेटंट असे लिहिले: साधनाचे नाव, पेटंट क्रमांक, मंजुरीचे वर्ष, "तीन संशोधकांपैकी एक". पेटंटची मालकी सरकारकडे आहे, पण संशोधक म्हणून नाव त्यांचे आहे. "माझे पेटंट" असे लिहिले असते तर दोन्ही बाबतींत चुकीचे ठरले असते.

लेख पाच होते. दोन सेनेच्या अंतर्गत वापराचे होते, ते बाहेर सांगायचेच नाहीत. एक कॉलेजच्या वार्षिकातला होता. एक अशा नियतकालिकात आला होता जे पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापते. पैसे घेणारे प्रत्येक नियतकालिक वाईट नसते. पण लेख कोणी तपासलाच नसेल, तर जाणकार माणूस असे नाव पाहून बाकीच्या ओळींवरही शंका घेतो. उरला वाहनांच्या देखभालीवर परिसंवादात वाचलेला एक निबंध. तो राहिला.

पानभर मजकुराच्या तीन ओळी झाल्या. मोकळ्या जागेत मामांनी वर्कशॉपमधल्या कामाचे तपशील लिहिले.

हीच छाटणी सगळीकडे चालत नाही. मामांना पुढे कधीतरी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आहे. तिथे तपासून छापलेले सगळे निबंध सहलेखकांच्या नावांसह मागतात आणि शेतीच्या पंपाचा अर्जही तिथे उपयोगी पडू शकतो. म्हणून जुनी पूर्ण यादी त्यांनी फाडलेली नाही. वेगळ्या फायलीत ठेवली आहे.