भोकं दिसली की अशनी नव्हे

काळा, जड, अंगावर खड्डे असलेला दगड सापडला, की तो आकाशातून पडला असावा असं वाटतं. या तीन खुणांपैकी एकही एकटीने पुरेशी नाही, आणि ज्या खुणेवर लोकांचा सगळ्यात जास्त भरवसा असतो ती, म्हणजे भोकं, बहुतेक वेळा उलटीच साक्ष देते. जिते आणि पेणच्या परिसरात तर हा गोंधळ होण्याची कारणं पायाखालीच आहेत. इथला काळा कातळ लाव्हारसाचा बेसॉल्ट आहे. रुळांखालची खडी त्याचीच. शिवाय डोलवीला पोलादाचा कारखाना आहे, आणि जिथे लोखंड वितळतं तिथे स्लॅग, म्हणजे आयुर्वेद ज्याला मंडूर म्हणतो ते लोहकीट, निघतंच. असं स्लॅग भरावातून आणि रस्त्याच्या कामातून कुठल्याही गावाच्या बांधावर पोचू शकतं. बेसॉल्ट आणि स्लॅग दोन्ही काळे, दोन्ही एकेकाळी वितळलेले, आणि दोघांनाही भोकं पडतात.

भोकं पडतात ती बुडबुड्यांमुळे. लाव्हा किंवा भट्टीतला रस थंड होताना त्यात अडकलेला वायू बाहेर पडू पाहतो, आणि रस घट्ट झाला की बुडबुड्याची जागा पोकळ राहते. अशनीची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक दगडी अशनी ज्या पदार्थाच्या असतात तो असा वितळून उकळलेलाच नसतो. वातावरणातून येताना त्याची फक्त वरची कातडी वितळते, तीही काही सेकंद. वितळलेला थर हवेच्या झोताने लगेच पुसला जातो आणि आतला दगड थंडच राहतो. बुडबुडे फुगायला आतपर्यंत रसच झालेला नसतो. मग अशनीच्या फोटोंत दिसणारे ते प्रसिद्ध खड्डे कसले? पेण-हमरापूरच्या मूर्तिकारांनी ओल्या शाडूत अंगठा टेकवल्यावर जशी उथळ, गोलसर कडांची खूण उमटते, तसे ते असतात. हवेच्या झोताने पृष्ठभाग कोरून काढलेला असतो. अशा खड्ड्याचं तोंड त्याच्या खोलीपेक्षा बरंच रुंद असतं, त्याच्या तळाशीही तीच काळी कातडी असते, आणि शेजारचे दोन खड्डे बोथट कडेने एकमेकांत मिसळतात. बुडबुड्याचं भोक मात्र तोंडाशी अरुंद आणि आत पसरट असू शकतं, त्याची कड धारदार असते, आतली भिंत कधीकधी चकचकीत असते. मुख्य म्हणजे दगड फोडला तरी आत भोकं सापडतातच. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये अशी भोकं पुष्कळदा पांढऱ्या झिओलाइटने भरलेली असतात. तो पांढरा ठिपका दिसला की शोध तिथेच थांबवायला हरकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे: बुडबुडे असलेल्या अशनी जगात सापडल्याच नाहीत का? सापडल्या आहेत. ब्राझीलमध्ये 1957 साली पडलेली इबितिरा ही अशनी बेसॉल्टसारखीच आहे आणि तिच्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत. पण ती तज्ज्ञांच्या चर्चेत येते ती अपवाद म्हणूनच, आणि तिची जातकुळी प्रयोगशाळेत ठरली, भोकांवरून नव्हे. उलट बाजूनेही सावध राहायला हवं, कारण लहान अशनींवर अंगठ्याचे ठसे मुळीच नसू शकतात. ठसे नाहीत म्हणून दगड बाद होत नाही, पण आतपर्यंत भोकं दिसली तर तो बाद होण्याची शक्यता फार मोठी असते.

वजनाचं तसं नाही. ‘हातात घेतल्यावर जड लागला’ हे माप नव्हेच, आणि जाणकाराला पाठवलेल्या फोटोत तर वजन दिसतही नाही. बघायची असते घनता. ती काढायला स्वयंपाकघरातला काटा पुरतो. दगड कोरडा तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. समजा दगड 580 ग्रॅमचा आहे आणि काट्यावर 200 आला, तर घनता 2.9 झाली, म्हणजे घट्ट बेसॉल्ट. तोच आकडा 170 आला तर घनता 3.4 होते, आणि सामान्य दगडी अशनीची घनता याच आसपास असते. इथे उडी मारायचा मोह होतो. पण पोलादाच्या भट्टीतल्या स्लॅगची घनताही 3.4 भरू शकते. म्हणून वजन हलके दगड बाजूला काढायला उपयोगी पडतं, जडांची निवड करायला नाही. लोखंडी अशनी 7 च्या पुढे जाते, पण लोखंडाचा जुना ओतीव तुकडाही तिथेच जातो. दगड बुडवताना अंगातून बुडबुड्यांच्या माळा वर आल्या, तर आत पोकळ्या आहेत हे आकड्याआधीच कळतं. दगड संशयास्पद वाटत असेल तर हा प्रयोग अगदी शेवटी, दगड पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून करावा, कारण अशनीतल्या लोखंडाच्या कणांना पाण्याने गंज चढतो. चुंबकाचा आधारही तोकडाच आहे. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, स्लॅगमध्ये लोखंडाचे थेंब असतात, आणि दोन्ही थोडेबहुत चिकटतात.

राहिली कातडी, आणि तीच खरी उपयोगाची. काटोलचं उदाहरण घेऊ. 22 मे 2012 च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठा आवाज झाला आणि अशनींचे तुकडे पडले. तो भागही आपल्यासारखाच काळ्या बेसॉल्टचा आहे. तरी ते दगड वेगळे ओळखू आले, कारण ताज्या दगडी अशनीला बाहेरून मॅट काळी, जेमतेम एक मिलिमीटरची किंवा त्याहूनही पातळ कातडी असते, आणि ती जिथे उडते तिथे आत फिकट राखाडी दगड दिसतो. त्यात लोखंड-निकेलचे बारीक चमकते कण असतात. बेसॉल्टचं बरोबर उलटं असतं: हवापाण्याने बाहेरून तांबूस-तपकिरी, आत काळा. स्लॅग आतबाहेर सारखंच असतं, काचेसारखं चकाकतं, आणि त्याच्यावर पातळ रस ओघळल्याच्या दोरखंडासारख्या वळ्या दिसतात. या खुणेला एकच मोठी मर्यादा आहे. कोकणच्या पावसात काही वर्षं पडून राहिलेल्या अशनीची कातडी तपकिरी होते, आतला रंगही गंजाने बदलतो. मग ती फोटोत साध्या दगडासारखीच दिसते.

म्हणून फोटो काढताना दिमाखदार कोन शोधण्यापेक्षा एक फुटलेली कड शोधावी. फ्लॅश टाळावा, कारण त्याने मॅट पृष्ठभागही काचेसारखा चकाकतो. सावलीतला दिवसाचा उजेड उत्तम. दगडाच्या सगळ्या बाजू घ्याव्यात, शेजारी पट्टी किंवा दहाचं नाणं (27 मिलिमीटर) ठेवावं, आणि कातडीची जाडी कळेल असा कडेचा एक जवळून घेतलेला फोटो असावा. दगड धुऊ, घासू किंवा तेल लावून चमकवू नये. इतक्यावरून जाणकार बहुतेक दगड नाकारू शकतो, पण एकही पक्का करू शकत नाही. पक्कं करायला आतल्या लोखंडात निकेल आहे का हे तपासावं लागतं. अशनीतल्या लोखंडात ते नेहमी असतं, साधारणतः पाच टक्के किंवा त्याहून जास्त. साध्या स्लॅगमधल्या लोखंडात ते जवळजवळ नसतंच. हे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेचं.