उद्या पेपर आहे? आधी वही घ्या, मग झोपा

अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात सुरू होतं: हॉलतिकीट घेतलं का, एसटी चुकली तर? त्यावर उपाय म्हणून झोपण्याआधी 5 मिनिटं उद्याची कामं लिहून काढा. दहावीच्या वेळी दौंडच्या माझ्या भाचीने लिहिलं होतं: ‘साडेआठची एसटी, चुकली तर मामाची गाडी. कंपासपेटी दप्तरात. साडेदहाला वर्गात.’ अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या 2018 च्या प्रयोगात अशी यादी करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे 9 मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. राहिलेले धडे मात्र त्यात नकोत, नाहीतर मनात पुन्हा अभ्यास सुरू होतो. तरी अंदाजे 20 मिनिटं कूस बदलत राहिलात, तर उठून मंद उजेडात शांत बसा. घड्याळ बघू नका. डोळे जड झाले की परत अंथरुणात.